घरच्या इन्व्हर्टरसाठी लिथियम बॅटरी निवडताना: एलएफपी की एनएमसी?

इंदूरमध्ये महाराणी रोडवर किंवा अन्यत्र इन्व्हर्टरची बॅटरी विचारायला गेले की आजकाल दुकानदार टेबलावर दोन प्रकारचे डबे ठेवतात. दोन्हींवर "लिथियम" असे लिहिलेले असते, दोन्ही जुन्या ट्युब्युलर बॅटरीच्या मानाने पिसासारखे हलके असतात आणि दोन्हींना पाणी घालावे लागत नाही. आतील रसायन मात्र वेगळे असते. एकात लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, आणि दुसऱ्यात निकेल, मँगेनीज व कोबाल्ट यांचे ऑक्साइड, म्हणजे एनएमसी. या दोघांची तुलना आयुष्य, वजन, सुरक्षितता आणि किंमत अशा चार अंगांनी केली जाते. परंतु ही चारही अंगे प्रत्येक कामात सारख्या मोलाची नसतात. येथे एकच काम घेतो: बारा व्होल्टचा साधा घरगुती इन्व्हर्टर, जो जिन्याखाली किंवा माळ्यावर बसलेला आहे आणि लाइट गेल्यावरच जागा होतो. उदाहरणासाठी लोकमान्य नगरातील, परिचयातल्या एका कुटुंबाचे दुमजली घर घेतले आहे.

पहिली पायरी: डब्यात काय आहे ते ओळखणे

लेबलवर रसायनाचे नाव असेलच असे नाही. असले तरी त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. खात्रीचा पुरावा व्होल्टेज हा आहे. एलएफपीच्या एका सेलचे नाममात्र व्होल्टेज 3.2 आणि पूर्ण चार्जची मर्यादा 3.65 असते. एनएमसीच्या सेलचे नाममात्र व्होल्टेज 3.6 ते 3.7 आणि मर्यादा 4.2 असते. त्यामुळे लेबलवरील आकडा 3.2 च्या पटीत असेल, म्हणजे 12.8, 25.6 किंवा 51.2, तर आत एलएफपी आहे असे समजावे. आकडा 11.1, 14.8, 25.9 किंवा 51.8 असा असेल तर ती एनएमसी आहे. केवळ "12 व्होल्ट" एवढेच लिहिलेले असेल तर विक्रेत्याकडून बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्यावी, चार्जर काढून तासभर थांबावे आणि मल्टिमीटर लावावा. चार सेलची एलएफपी 13.3 ते 13.4 च्या आसपास स्थिरावते. तीन सेलची एनएमसी 12.6 च्या वर जातच नाही, आणि चार सेलची एनएमसी 16 च्या पुढे दिसते. मल्टिमीटर दुकानात असतोच, आणि तो लावू देण्यास विक्रेता कां-कूं करत असेल तर पुढच्या दुकानात जावे हे बरे.

दुसरी पायरी: इन्व्हर्टरचे चार्जिंग आणि बॅटरीचे रसायन यांचा मेळ

बहुतेक खरेदीदार ही पायरी गाळतात, आणि नंतर येणाऱ्या तक्रारींचे मूळ बऱ्याचदा येथेच असते. घरातील जुना इन्व्हर्टर शिशाच्या बॅटरीसाठी बनवलेला असतो. तो चार्ज करताना साधारण 14.4 व्होल्टपर्यंत चढतो आणि नंतर 13.8 च्या आसपास टेकतो. हा आकडा सेलच्या संख्येने भागून पाहावा.

एलएफपीचे चार सेल असतील तर 14.4 भागिले 4, म्हणजे प्रत्येक सेलवर 3.6 व्होल्ट. मर्यादा 3.65 आहे, तेव्हा हे अगदी चपखल बसते. एनएमसीचे तीन सेल असतील तर टेकण्याच्या 13.8 व्होल्टलाच प्रत्येक सेलवर 4.6 येतात, आणि मर्यादा 4.2 ची. अशा वेळी सेल वाचवण्याचे सगळे काम आतल्या बीएमएसवर, म्हणजे सेलवर लक्ष ठेवून गरज पडल्यास प्रवाह तोडणाऱ्या छोट्या सर्किटवर पडते. बीएमएस हे अडचणीच्या वेळचे अखेरचे कुंपण आहे. ते रोज दर चार्जिंगला प्रवाह तोडण्यासाठी वापरले तर त्यातील मॉस्फेट, म्हणजे प्रवाह तोडणारा इलेक्ट्रॉनिक खटका, बिघडण्याची वाट पाहिल्यासारखे होते. उलट एनएमसीचे चार सेल जोडले तर 14.4 व्होल्टवर प्रत्येक सेलला 3.6 च मिळतात आणि बॅटरी अर्धीसुद्धा भरत नाही. पैसे पूर्ण क्षमतेचे, वापर अर्ध्याहून कमी.

थोडक्यात बारा व्होल्टच्या इन्व्हर्टरवर एनएमसी मुळातच नीट बसत नाही. चोवीस व्होल्टवर चित्र वेगळे आहे: तिथे एनएमसीचे सात सेल 29.4 व्होल्टला पूर्ण भरतात, इन्व्हर्टर 28.8 देतो, आणि जोडी जमते. त्यामुळे "एनएमसी इन्व्हर्टरला चालतच नाही" असे सरसकट म्हणणे चूक आहे. पण आपल्याकडच्या लहान घरांत बारा व्होल्टचेच इन्व्हर्टर अधिक आहेत.

एलएफपी लावली तरी एक खटका तपासावाच लागतो. इन्व्हर्टरच्या मागे बहुधा ट्युब्युलर, फ्लॅट आणि एसएमएफ असे पर्याय असतात. ट्युब्युलरच्या जागी व्होल्टेज 14.8 पर्यंत किंवा त्याहून वर जाऊ शकते, म्हणजे प्रत्येक सेलवर 3.7, आणि बीएमएस मधेच तोडू लागते. खटका एसएमएफवर ठेवावा, किंवा नव्या इन्व्हर्टरमध्ये लिथियमचा वेगळा पर्याय असेल तर तो निवडावा. सेल भरण्यासाठी 14.1 व्होल्टही पुरेसे असतात.

तिसरी पायरी: भार मोजणे, आणि वजनाचा प्रश्न निकाली काढणे

लोकमान्य नगरातील घरात लाइट गेल्यावर तीन जुने पंखे, पाच एलईडी दिवे, राउटर आणि टीव्ही एवढे चालते. पंख्यांचे 225 वॅट, दिव्यांचे 45, राउटरचे 10 आणि टीव्हीचे 70 मिळून 350 वॅट होतात. अडीच तासांची सोय हवी असेल तर 875 वॅट-तास लागतात. इन्व्हर्टर स्वतः थोडे खातो. त्याची कार्यक्षमता 85 टक्के धरली तर बॅटरीतून सुमारे 1,030 वॅट-तास निघायला हवेत. 12.8 व्होल्ट, 100 एएचच्या बॅटरीत 1,280 वॅट-तास असतात. म्हणजे 80 टक्के वापरात काम भागते आणि थोडी शिल्लक राहते.

आता ऊर्जा-घनता, म्हणजे किलोमागे किती ऊर्जा मावते ते. एलएफपीच्या चांगल्या सेलमध्ये किलोमागे साधारण 165 वॅट-तास आणि एनएमसीमध्ये 230 च्या आसपास असतात. त्या हिशेबाने 1,280 वॅट-तासांसाठी एलएफपीच्या सेलचे वजन पावणेआठ किलो आणि एनएमसीचे साडेपाच किलो होईल. एनएमसीचा सगळा डौल या दोन-सव्वादोन किलोंत आहे. जिन्याखाली एकदा ठेवलेल्या आणि वर्षानुवर्षे न हलवायच्या डब्यात हे दोन किलो वाचवून कोणाचेही काही साधत नाही. स्कूटरचे गणित अर्थातच निराळे आहे. तीन युनिटच्या पॅकमध्ये हाच फरक पाच किलोंवर जातो, शिवाय एनएमसी जागाही कमी घेते, आणि सीटखालचा प्रत्येक इंच तिथे मोलाचा असतो. म्हणून वाहनांत एनएमसी दिसते ती उगाच नव्हे. आपल्या कामात मात्र हे अंग गुणपत्रिकेतून वगळावे.

चौथी पायरी: "सहा हजार सायकल" या आकड्याकडे कसे पाहावे

विक्रेते सर्वांत जास्त जोर याच आकड्यावर देतात. एकदा पूर्ण भरणे आणि एकदा पूर्ण रिकामी करणे म्हणजे एक सायकल. दोनदा निम्मी वापरली तर तीही मिळून एकच. एलएफपीच्या पत्रकात 3,000 ते 6,000 आणि एनएमसीच्या पत्रकात बहुधा 500 ते 2,000 असे आकडे येतात. ते खोटे नसतात, पण ते प्रयोगशाळेतील 25 अंश तापमानाला, सावकाश चार्ज-डिस्चार्ज करून आणि क्षमता 80 टक्क्यांवर येईपर्यंत मोजलेले असतात. काही पत्रके 70 टक्क्यांपर्यंत मोजून आकडा फुगवतात, तेव्हा ही अट कुठे लिहिली आहे ते विचारावे.

आता आपल्या घराचा हिशेब करू. समजा वर्षात एकंदर 60 तास लाइट जाते. 350 वॅटच्या भाराने बॅटरीतून वर्षाला सुमारे 25 युनिट निघतील. 1.28 युनिटची बॅटरी धरली तर हे 20 सायकलही होत नाही. सहा हजारांना याने भागले तर बॅटरी तीनशे वर्षे टिकायला हवी! एनएमसीच्या एक हजार सायकलसुद्धा पन्नास वर्षे पुरतील. दोन्ही आकडे हास्यास्पद आहेत, आणि त्यातच मुद्दा आहे. इंदूरसारख्या, वीज क्वचित जाणाऱ्या शहरातील इन्व्हर्टरची बॅटरी वापराने मरत नाही; ती नुसती बसून म्हातारी होते.

बसल्या बसल्या होणारे हे वार्धक्य दोन गोष्टींनी वेग घेते: उष्णता आणि पूर्ण भरलेल्या स्थितीत पडून राहणे. दुर्दैवाने इन्व्हर्टरची बॅटरी या दोन्ही गोष्टी सोसते. ढोबळ नियम असा की तापमान दर दहा अंशांनी वाढले की सेलमधील नको असलेल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. त्या घरात मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या जिन्याखालच्या कोनाड्यात थर्मामीटर ठेवला, तेव्हा पारा 41 वर होता. त्याच वेळी घराच्या मधल्या खोलीत, चपलांच्या रॅकशेजारी, तो 34 होता. हा सात अंशांचा फरक सहा हजार आणि चार हजार सायकलच्या फरकापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

या कसोटीवर एलएफपी वरचढ ठरते, आणि का ते समजून घेण्यासारखे आहे. पूर्ण भरलेल्या एनएमसीचा धन-ध्रुव 4.2 व्होल्टवर बसलेला असतो. इतक्या व्होल्टेजला आतील द्रव इलेक्ट्रोलाइट हळूहळू ऑक्सिडाइझ होतो, कणांना सूक्ष्म तडे जातात आणि धातूचे अंश विरघळतात. एलएफपी पूर्ण भरून विसावली की 3.35 च्या आसपास असते, जिथे इलेक्ट्रोलाइट पुष्कळच शांत राहतो. एनएमसीला 20 ते 80 टक्क्यांच्या मध्ये ठेवले तर तिचे आयुष्यही चांगले वाढते, पण मग इन्व्हर्टरचा उपयोग काय? लाइट जाईल त्या क्षणी ती भरलेलीच हवी. एलएफपीसुद्धा उष्णतेत म्हातारी होते, हे लक्षात ठेवून जागा बदलावी. त्या कुटुंबाने डबा मधल्या खोलीत आणला, त्यासाठी सहा फूट जास्तीची तार टाकावी लागली.

लांब तार ही इन्व्हर्टरकडून घराकडे जाणाऱ्या 230 व्होल्टच्या बाजूची असावी. बॅटरी ते इन्व्हर्टर ही तार आखूड आणि जाडच हवी, कारण तिच्यातून या भारालाच 32 अँपिअर जातात. म्हणून बॅटरी एकटी न हलवता इन्व्हर्टरसह हलवावी.

पाचवी पायरी: किमतीचा खरा हिशेब

कारखान्यातून निघतानाच एलएफपी स्वस्त पडते, कारण तिच्यात लोह आणि फॉस्फेट आहे. एनएमसीत निकेल आणि कोबाल्ट लागतात, आणि जगातील बहुतांश कोबाल्ट एकट्या काँगोतून येतो. पॅक पातळीवर दर युनिट क्षमतेमागे एलएफपी सर्वसाधारणपणे पाव ते एक तृतीयांशाने स्वस्त असते. तरीही स्थानिक बाजारात कधी कधी एनएमसीचा डबा स्वस्त दिसतो. त्यामागे बऱ्याचदा लॅपटॉप किंवा स्कूटरमधून काढलेले, नवे आवरण चढवलेले गोल सेल असतात. नव्या सेलचे बिल मागितल्यावर विषय बदलला गेला तर समजून घ्यावे.

हिशेबापुरती दोन्हींची किंमत 20,000 रुपये धरू. रोज पूर्ण वापर असेल, उदाहरणार्थ सौर पॅनेलवर दिवसा भरून रात्री वापरणाऱ्या घरात, तर एलएफपीच्या 3,000 सायकलमध्ये झीज वजा जाता सुमारे 3,450 युनिट निघतील, म्हणजे युनिटमागे पावणेसहा रुपये. एनएमसी 80 टक्के खोलीपर्यंतच वापरली आणि तिच्या 1,000 सायकल धरल्या तर सुमारे 920 युनिट निघतील, म्हणजे युनिटमागे जवळपास बावीस रुपये. अशा घरात सायकलचा आकडा खरोखरच पैसे वाचवतो.

आपल्या उदाहरणातील घरात मात्र दहा वर्षांत एकूण 250 युनिटच निघणार आहेत. बॅटरी दहा वर्षे टिकली तर युनिटमागे 80 रुपये, पाचच वर्षे टिकली तर 160. येथे युनिटचा भाव लावण्यात अर्थ नाही. प्रश्न फक्त वर्षे किती एवढाच आहे. म्हणून विक्रेत्याला सायकलऐवजी वॉरंटीची वर्षे विचारावीत, आणि ती वॉरंटी किती क्षमता शिल्लक राहण्याची आहे ते लेखी घ्यावे. "पाच वर्षांची वॉरंटी" म्हणजे केवळ बॅटरी चालू राहण्याची की 70 टक्के क्षमता राहण्याची, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सहावी पायरी: सुरक्षितता

एनएमसीचा सेल बिघडून साधारण 200 अंशांच्या वर तापला की त्याच्या धन-ध्रुवातूनच ऑक्सिजन सुटू लागतो. जळायला इंधन इलेक्ट्रोलाइटचे, आणि प्राणवायू आतूनच. त्यामुळे ती आग ब्लँकेट टाकून किंवा हवा तोडून विझत नाही. एलएफपीत ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. तिच्यातील अशी स्वतःच वाढत जाणारी, न आवरणारी उष्णता अधिक वरच्या तापमानाला सुरू होते, आणि तेव्हा बाहेर पडणारी उष्णताही बरीच कमी असते. एका सेलने शेजारच्या सेलला पेटवण्याचा धोका म्हणूनच तिथे कमी राहतो.

याचा अर्थ एलएफपी पेटतच नाही असा मात्र घेऊ नये. तिच्यातही तोच ज्वालाग्राही इलेक्ट्रोलाइट असतो, आणि सेल फुटला तर हायड्रोजन असलेला वायू बाहेर पडतो. बंद कोनाड्यात हा वायू साचून नंतर एका ठिणगीने भडकू शकतो. तेव्हा डबा बंद कपाटात, गाद्यांशेजारी किंवा घरातून बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर ठेवू नये, आणि बॅटरीच्या धन टोकाला योग्य आकाराचा डीसी फ्यूज असावा. डबा फुगलेला दिसला, गोडसर उग्र वास आला किंवा काहीच चालू नसताना तो कोमट लागला, तर तो चार्ज न करता मोकळ्या जागी ठेवून विक्रेत्याला बोलवावे. स्कूटरची बॅटरी स्वस्तात मिळते म्हणून ती इन्व्हर्टरला जोडण्याचा उद्योग तर टाळावाच. दुचाकींसाठी AIS-156 हे मानक 2022 नंतर कडक झाले, पण ते मानक वाहनाचे आहे, आपल्या जिन्याखालच्या जोडणीचे नव्हे.

सातवी पायरी: बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात तपासणी

बॅटरी पूर्ण भरू द्यावी, तासभर थांबावे आणि घराची मुख्य वीज बंद करून इन्व्हर्टरवर केवळ 100 वॅटचे दोन जुने, तारेचे बल्ब लावावेत. इन्व्हर्टरची हानी धरून बॅटरीवर सुमारे 235 वॅटचा भार येतो. 1,280 वॅट-तासांच्या बॅटरीने साडेपाच तासांच्या जवळपास चालले पाहिजे. पाच तास चालली तरी ठीक. चार तासांतच बंद पडली तर क्षमता तीन-चतुर्थांशाहूनही कमी आहे, आणि तक्रार त्याच आठवड्यात करावी, वर्षाने नव्हे.

या चाचणीत इन्व्हर्टरवरील दिव्यांच्या पट्टीकडे पाहू नये. एलएफपीचे व्होल्टेज 90 पासून 20 टक्क्यांपर्यंत जवळजवळ सपाट राहते, 13 व्होल्टच्या थोडे वर-खाली. शिशाच्या बॅटरीसाठी आखलेली पट्टी त्यामुळे तासन्‌तास "पूर्ण" दाखवते आणि शेवटच्या काही मिनिटांत एकदम कोसळते. बॅटरी बिघडली असे समजून ती परत करणारे बरेच जण असतात. बिघाड पट्टीच्या वाचनात असतो. एनएमसीचे व्होल्टेज उतारासारखे घसरत जाते, त्यामुळे किती उरली आहे हे तिच्यात सहज कळते. एवढा एक गुण तिचा मान्य करायलाच हवा.

बीएमएसला ब्ल्यूटूथ असेल तर मोबाइलवर चारही सेलचे व्होल्टेज वेगवेगळे दिसतात. मधल्या सपाट भागात ते एकसारखेच दिसणार, म्हणून ते चार्जिंगच्या अगदी शेवटी पाहावे. तीन सेल 3.45 वर आणि एक 3.64 वर धावत असेल तर तो एक सेल आधी भरतो आहे. बीएमएस त्याच्यासाठी सगळ्यांचे चार्जिंग तोडेल आणि बाकीचे अपुरे राहतील. काही वेळा पूर्ण चार्ज केल्यावर हा फरक आपोआप मिटत जातो, कारण सेल बरोबरीला आणण्याचे काम बीएमएस बहुधा वरच्या टोकालाच करते. महिनाभराने फरक तसाच असेल किंवा तोच सेल डिस्चार्जच्या शेवटी सर्वांत आधी कोसळत असेल, तर त्या सेलची क्षमताच कमी आहे आणि पॅक बदलून मागावा.

जुनी ट्युब्युलर बॅटरी नवीन घेतानाच त्याच दुकानात द्यावी; शिशाला भाव असल्यामुळे ती किमतीतून वजा होते. लिथियमच्या डब्याला असा मोडीचा भाव फारसा मिळत नाही, पण 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. बिल, अनुक्रमांक आणि उत्पादकाचे नाव जपून ठेवावे, आणि डबा भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नये: त्यात काही टक्के चार्ज शिल्लक असतो आणि लोखंडाच्या ढिगात टोके जोडली गेली की तेवढाही पुरतो.